तीस सेकंदांची जिलबी

मंगलाष्टकं लिहिणाऱ्या माणसाला घड्याळाची सवय नसते. मुहूर्त गाठायचा असतो खरा, पण ती चिंता भटजींची. माझी कडवी कमी पडली तर ते आपल्या पाठांतरातली चार जोडतात. जास्त झाली तर वऱ्हाडी मंडळी मुठीतल्या अक्षता ओल्या होईपर्यंत उभी राहतात आणि मनातल्या मनात कवीचा उद्धार करतात. गेली कित्येक वर्षं मी हा उद्धार करून घेत आलो आहे. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालो, पण शार्दूलविक्रीडितातून झालो नाही. आमच्या पेठेतल्या निम्म्या लग्नांत नवरा-नवरीची नावं, दोन्हीकडची आडनावं आणि आत्याबाईंचा आग्रह हे सगळं एकोणीस अक्षरांच्या ओळीत मीच कोंबलेलं आहे.

या कर्तबगारीच्या जोरावर आमच्या मिठाईवाल्या अण्णांनी मला रेडिओची जाहिरात लिहायला सांगितली. दुकानाचं नाव इथे देत नाही. ते देण्याचे पैसे मला मिळालेले नाहीत.

कोल्हापुरात १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी हे राष्ट्रीय सण आहेतच, शिवाय ते जिलबीचेही सण आहेत. शाळेतून पोरं परत येण्याआधी घरात जिलबीचा पुडा आला नाही तर झेंडावंदन नीट झालं नाही, असं मानणारी घरं आहेत. त्या दिवशी चौकाचौकात मांडव पडतात. अण्णांचं दुकान बारमाही, पण त्या एका सकाळी मांडववाले त्यांचं गिऱ्हाईक वाटेतच अडवतात, हे त्यांचं जुनं दुखणं.

"सर, तीस सेकंदांत बसवायचं बगा," अण्णा म्हणाले. "तुम्हाला काय, तुम्ही उभ्या उभ्या लिहिताय."

मी उभ्या उभ्याच हो म्हणालो. विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या १९६७ साली, आणि सुरुवातीलाच ज्या तीन शहरांत त्या ऐकू यायच्या त्यांत मुंबई आणि नागपूरबरोबर पुणंही होतं. माझं बालपण पुण्यात मामाकडे त्या जाहिराती ऐकण्यात गेलं. ऐकणं आणि लिहिणं यांत फरक असतो हे मराठीच्या शिक्षकाला वेगळं सांगायला नको होतं, पण त्या दिवशी सांगणारं कोणी भेटलं नाही.

अण्णांनी मुद्दे एका कागदावर लिहून आणले होते. दुकान आजोबांनी काढलं. शुद्ध तूप. पेढे, बर्फी, बालुशाही, मोतीचूर, फरसाण, शेव, चिवडा. लग्नकार्याच्या ऑर्डरी स्वीकारल्या जातील. पार्किंगची सोय समोरच्या बोळात. दोन मोबाइल नंबर. आणि सर्वांत खाली, दोनदा अधोरेखित करून: 'आमची कोठेही शाखा नाही.'

मी पहिली ओळ तिथल्या तिथे केली:

पेढा बर्फि नि लाडवात भरली गोडी तुपाची अशी

अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाराव्या अक्षरावर यती कसा चोख पडला आहे ते मी त्यांना बोटं मोजून दाखवलं. जिलबी यायची राहिली होती, ती शेवटच्या ओळीत येणार होती. चारही ओळी तयार झाल्यावर पार्किंग सोडून कागदावरचे बाकीचे मुद्दे त्यांच्यामागे जोडले आणि घरी मनातल्या मनात वाचून पाहिलं. घड्याळात २८ सेकंद झाले. दोन सेकंद शिल्लक राहतात म्हणून मी आणखी एक मुद्दा घातला: पार्किंग.

रेडिओच्या कचेरीत एका मुलीने मला प्रथम हिशेब समजावला. तिथे वेळ दहा-दहा सेकंदांच्या दराने विकतात. तीस सेकंदांची जाहिरात, म्हणजे त्यांच्या भाषेत स्पॉट, हे तीन नग. आणि ती दिवसातून जितक्या वेळा वाजेल तितक्या वेळा ते तीन नग मोजायचे. एकतीस सेकंद झाले तर?

"मग चाळीसचे पैसे, सर. प्रत्येक वेळचे."

अर्ध्या वेलांटीसाठी दिवसभर दहा सेकंदांचा भुर्दंड! छंदशास्त्रात मात्रा चुकली तर फार तर टीकाकार लिहितो. इथे बिल येतं.

मग रेकॉर्डिंगच्या खोलीत गेलो. भिंतींना फोम, मध्ये एक माइक, काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट. माझ्या विद्यार्थ्यांपेक्षाही लहान पोरगा. "सर, एकदा मोठ्यांदा वाचून दाखवा," म्हणाला आणि त्याने पडद्यावरचं घड्याळ सुरू केलं. मी लग्नात म्हणतात तसं म्हणून दाखवलं. दुसरी ओळ संपता संपता त्याने हात वर केला. तीस सेकंद झाले होते. नवरा-नवरी अजून अंतरपाटाच्या दोन बाजूंना होते आणि जिलबी तर मांडवातही आली नव्हती.

"चाल सोडा, नुसतं बोला," तो म्हणाला. नुसतं बोललो तर सगळा मजकूर, पार्किंगसकट, ४७ सेकंद.

घरी तर २८ भरले होते! त्याने समजावलं ते असं. डोळे वाचतात तेव्हा श्वास घेत नाहीत, स्वल्पविरामापाशी थांबत नाहीत आणि 'स्वीकारल्या जातील'मधली जोडाक्षरं उच्चारतही नाहीत. म्हणून स्पॉटची संहिता मनात मोजायचीच नाही. उभं राहून, माइकपुढे बोलाल त्याच आवाजात, घड्याळ लावून वाचायची. ऐकणाऱ्याला सुखाने कळेल असं मराठी सेकंदाला साधारण सहा अक्षरांच्या चालीने जातं. गाणं, आवाज आणि शेवटची आस वजा केली तर तीस सेकंदांत बोलायला पंधरा-सोळा सेकंदच हाती राहतात. सोळा सक शहाण्णव. एवढ्या अक्षरांत अण्णांच्या आजोबांपासून पार्किंगपर्यंतचा प्रवास करायचा होता.

"तुमच्या त्या कॉम्प्युटरवर थोडं पळवता नाही का येणार?" मी विचारलं.

"येतं की. दोन-तीन टक्के पळवलं तर कुणाला कळत नाही. सत्तेचाळीसचं तीस केलं तर म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीच्या शेवटी बोलतात ना, तसं होईल. जिलबी बाजारातील जोखमीच्या अधीन आहे."

मग कापाकापी. मोबाइल नंबर आधी गेले. दहा आकडे सुटे सुटे बोलायला पाच सेकंद लागतात, म्हणजे दोन नंबरांचे दहा, म्हणजे सबंध एक नग. आणि स्कूटरवरून जाणारा माणूस, हातात लाटणं असलेली बाई, यांतलं कोणीही आकडे लिहून घेत नाही. चौकाचं नाव सांगितलं तर लोक बरोबर येतात. पार्किंग गेलं. शेव-चिवडा गेला. आजोबा गेले. दर वेळी काचेपलीकडून पोरगा 'सॉरी सर' म्हणायचा आणि अण्णा खुर्चीत थोडे खाली सरकायचे. शेवटी पाळी आली 'आमची कोठेही शाखा नाही'वर. दहा अक्षरं, पावणेदोन सेकंद.

"जे नाही ते सांगायला पैसे कशाला द्यायचे, अण्णा?" मी म्हणालो.

अण्णा बराच वेळ गप्प राहिले. "न्हाई हे सांगितलं न्हाई, तर लोकांना वाटंल हाय," ते म्हणाले. पण ओळ गेली.

आता राहिली एकट्या जिलबीची जाहिरात, आणि इथे मी अनुप्रास काढला. 'पंधरा ऑगस्टच्या पहाटे परिपूर्ण पाकात पोहणारी' वगैरे. आवाज देणारा कलाकार आला होता. मोठा खर्जाचा माणूस. त्याने पहिलाच प उच्चारला आणि काचेपलीकडच्या पोराने हेडफोन कानांपासून दूर धरला. प, फ, ब, भ म्हणताना ओठांतून हवेचा झोत सुटतो. समोरच्या माणसाला तो जाणवत नाही, पण माइकच्या पडद्यावर तो थप्पड मारतो आणि ऐकणाऱ्याला 'धप्' असं ऐकू येतं. मी ओळीने सहा थपडा लिहिल्या होत्या. माइकपुढे जाळीचं गोल फिल्टर लावतात, माइक तोंडासमोरून जरा तिरपा करतात, वीतभर अंतर ठेवतात, तरी ओळीने सहा प कोणालाच झेपत नाहीत. मिठाईच्या दुकानाचं दुर्दैव असं की पेढा, बर्फी, बालुशाही आणि फरसाण हे सगळे थप्पड मारणारे, आणि त्यांतून सुटलात तर श्रीखंड, शेव, शंकरपाळी माइकमध्ये सापासारखी फुसफुसतात. जिलबीच काय ती त्यातल्या त्यात सभ्य निघाली.

जिंगलला मी राष्ट्रगीताच्या पहिल्या चार सुरांनी सुरुवात सुचवली होती. पोराने ती सूचना ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि एवढंच म्हणाला की राष्ट्रगीत जाहिरातीत चालत नाही, आपण ढोलकी घेऊ.

जिंगल ही एकच गोष्ट मला जमली, म्हणून ती सविस्तर सांगतो. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली की एक मात्रा बरोबर अर्ध्या सेकंदाची होते. केरव्याच्या आठ मात्रा, म्हणजे एक आवर्तन चार सेकंदांचं. दोन आवर्तनं, आठ सेकंद. इथे घड्याळाची भीतीच नाही, तालच घड्याळ होतो. मला हव्या होत्या आठ-आठ मात्रांच्या दोन ओळी, आणि त्या मी लिहिल्या:

झेंडावंदन झालं की
जिलबी नको का?

पहिल्या ओळीत आठ अक्षरं, एका मात्रेला एक. दुसरीत सहा, आणि उरलेल्या दोन मात्रा ढोलकीला. ढोलकीवाल्याने त्या दोन मात्रांत अशी काही थाप मारली की अण्णांनी मान डोलावली आणि आजोबांना विसरले.

एवढ्यावर थांबलो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण मी कवी पडलो. मी म्हणालो, सुरुवातीला जिलबी तळण्याचा खराखुरा आवाज पाहिजे. ऐकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटलं पाहिजे. रेडिओवर वास येत नाही, रंग दिसत नाही, मग कानाने जिलबी खायला घालायची तर तो चर्र आवाजच हवा. कल्पना सर्वांना पटली. पोरगा छोटा रेकॉर्डर घेऊन पहाटे भट्टीवर आला. आचाऱ्याने आंबलेल्या पिठाची फडक्यातली धार तईतल्या तापल्या तुपात गोल गोल सोडली. जिलबीचं तूप पुरीच्या तेलाइतकं कडकडीत नसतं, त्यामुळे आवाज मंद आणि एकसारखा येतो. मीच म्हणालो, अजून जवळ धर. त्याने धरला. स्टुडिओत ऐकलं तेव्हा तो चर्रचर्राट इतका सुरेख वाटला की अण्णा म्हणाले, "वास यायला लागला बगा."

आमची अंतिम संहिता अशी होती. शून्य ते तीन सेकंद, नुसता तईचा आवाज. तीन ते पाच, खर्जातला आवाज: 'कोल्हापूरकरांनो, तयार राहा!' पाच ते तेरा, जिंगल. तेरा ते चोवीस, ढोलकी मागे दबलेली आणि त्यावर बोलणं: 'रात्री भिजलेलं पीठ, सकाळी तुपाची तई आणि एकतारी पाक. पंधरा ऑगस्टला पहाटे पाचपासून गरम जिलबी. रांगेत उभं राहायचं नसेल, तर आदल्या दिवशी नाव नोंदवा.' सत्तर अक्षरं, अकरा सेकंद, थोडी धावपळ पण श्वास पुरला. त्या कलाकाराने कागदावर दोन ठिकाणी तिरक्या रेघा मारून श्वासाच्या जागा ठरवूनच घेतल्या होत्या. चोवीस ते साडेएकोणतीस, दुकानाचं नाव, चौकाचं नाव आणि 'जिलबी नको का?' शेवटचा अर्धा सेकंद काहीच नाही. तो अर्धा सेकंद मी भांडून मागत होतो, तिथे 'शुद्ध' हा शब्द बसला असता. पण शेवटच्या थापेची आस विरायला जागा लागते. ती ठेवली नाही तर पुढची जाहिरात तिच्यावर येऊन आदळते आणि आपली तुटल्यासारखी वाटते. बरोबर ३० भरले. मी त्या आकड्याचा मोबाइलवर फोटो काढून घेतला.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात स्पॉट सुरू झाला. ऑगस्टचा दुसरा आठवडा कोल्हापुरात कसा असतो, हे २०१९ पाहिलेल्याला सांगायला नको. पाऊस लागलेला असतो आणि गावाचं सगळं लक्ष राजाराम बंधाऱ्याकडे असतं. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं. रेडिओवरची निवेदिकाही मधूनमधून पंचगंगेची पातळी सांगते.

पहिल्या सकाळी तिने पातळी सांगितली, 'नागरिकांनी काळजी घ्यावी' म्हणाली आणि लागलीच आमचा स्पॉट लागला.

मी अभिमानाने रेडिओचा आवाज मोठा केला. तीन सेकंद मुसळधार पाऊस पडला. मग एक भारदस्त पुरुषी आवाज म्हणाला, 'कोल्हापूरकरांनो, तयार राहा!'

आमची ही स्वयंपाकघरातून तडक गच्चीवर गेली. वाळत घातलेली गोधडी घेऊन ती खाली आली तेव्हा अण्णांच्या दुकानाचं नाव येऊन गेलेलं होतं. शेजारच्या आजींनी शाहूपुरीतल्या लेकीला फोन लावून सामान माळ्यावर टाकायला सांगितलं. ढोलकी सुरू झाल्यावर बऱ्याच जणांना उलगडा झाला म्हणे, पण ढोलकी पाचव्या सेकंदाला येते आणि घाबरलेला माणूस पाचव्या सेकंदापर्यंत रेडिओपाशी थांबत नाही. माझे उरलेले पंचवीस सेकंद, तो केरवा, तो एकतारी पाक, सगळं रिकाम्या खोल्यांत वाजलं. 'सर, आज लई पडला,' असं मला दूधवाल्याने सांगितलं. त्याने बाहेर पाहिलं नव्हतं, रेडिओ ऐकला होता.

अण्णांचा फोन आला. "सर, गिऱ्हाईक इचारतंय पाणी कुठवर आलंय."

रेकॉर्डिस्टकडे गेलो तेव्हा तो ओशाळला होता, कारण ही गोष्ट त्याच्या धंद्यात जुनी आहे. नभोनाट्यात पाऊस पाडायचा तर काही मंडळी चक्क तळणीचा आवाज वापरत. तूप चर्र करतं तेव्हा आणि पत्र्यावर पाऊस पडतो तेव्हा, दोन्हीकडे हजारो बारीक टिचक्या, कोणताही सूर नसलेल्या, एकमेकींत मिसळून येतात. त्यांतली कोणती कशाची, हे एकटा कान सांगू शकत नाही. तो आजूबाजूला पाहून ठरवतो, आणि रेडिओत आजूबाजूला काही नसतं. ऑगस्टात, पंचगंगेच्या पातळीनंतर, कान जिलबी कशाला ठरवेल? आम्हाला जिलबी ऐकू आली कारण आम्ही ती पाहिली होती, मी तर पाव किलो खाल्लीही होती. भट्टीवर न आलेल्या एखाद्या माणसाला आधी ऐकवायला हवं होतं. आमच्या हिला ऐकवलं असतं तरी पुरलं असतं, पण तिला 'रेडिओवरच ऐक' असं मीच ऐटीत सांगितलं होतं.

दुरुस्ती मात्र झटकन झाली. नवा आवाज आणावा लागला नाही. पोराने त्याच तईच्या आवाजाआधी लोखंडी झारा कडेवर आपटल्याचा एक खणखणीत 'टण्' घातला आणि त्यावर आमच्या आचाऱ्याची हाक: 'ए, घाणा काढा रे जिलबीचा!' त्यामागोमाग तेच चर्र. आणि काय सांगू, तोच पाऊस, त्यातला एक थेंबही न बदलता, जिलबी झाला. एकदा कानाला कशाचा आवाज ते सांगितलं की तो दुसरं काही ऐकायला तयार होत नाही. खर्जातला इशारा काढून टाकला. त्या जागी हाक बसली, पाच सेकंदांचे पाच सेकंद राहिले आणि आचाऱ्याला भट्टीवर सगळे 'कलाकार' म्हणू लागले. मी लिहिलेली दोन सेकंदांची ओळ तेवढी वाया गेली. सबंध स्पॉटमध्ये लोकांना आवडली ती हाक, आणि ती मी लिहिलेली नव्हती.

१५ ऑगस्टला पहाटे मी मुद्दाम रांगेपाशी उभा राहिलो. कोणामुळे आलात, असं एकेकाला विचारत होतो. बहुतेक जण म्हणाले, दरवर्षी येतो. नवीन वाटणारा एक गृहस्थ भेटला. रेडिओवर ऐकूनच आलो म्हणाला. माझी छाती फुगली.

"त्या पावसाच्या जाहिरातीचं दुकान हेच ना?" त्याने विचारलं. "नंतर बदलली का हो? ती पहिली चांगली होती. आम्ही ऐकायला थांबायचो."

गर्दी ओसरल्यावर अण्णांनी मला आत बोलावलं, पुडा हातात दिला आणि समोर बसवलं. मला वाटलं, मानधनाचा विषय निघतोय.

"दिवाळीची पण तुम्हीच लिवा," ते म्हणाले. "तेवढ्या त्या पोराला सांगून दोन सेकंद पाऊस कमी करा, आन् शाखा न्हाई ते बसवा."